ऑलवेज 'इज'च्या आधी की नंतर? एका मेलमुळे डोकं फिरलंय

केळीवाला_रावेर (धागाकर्ता)
राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यात एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्र आणि मेलचं काम बघतो, केळी आखाताकडे जाते आमची. गेल्या आठवड्यात तिकडच्या एका नव्या बायरने विचारलं की तुमचं कंटेनर लोडिंग वेळेवर होतं का, मागच्या सप्लायरने फार त्रास दिला म्हणे. मला लिहायचं होतं की आमच्याकडे नेहमी उशीर नसतो, म्हणजे उशीर होतच नाही. मी लिहेल आहे, "अवर लोडिंग इज नॉट ऑलवेज लेट." दहा मिनिटात उत्तर, "सो हाऊ ऑफन इज इट लेट?" शेठने मेल वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जसं मी अख्खा घडच खाली पाडला.

मग मी शब्द फिरवला, "अवर लोडिंग ऑलवेज इज नॉट लेट" केलं, तर आमच्या अकाउंटवाल्याने सांगितलं की ऑलवेज इजच्या नंतर येतो. पण शाळेत तर आम्हाला शिकवेल होतं की असे शब्द क्रियापदाच्या आधी येतात, "ही ऑलवेज कम्स लेट." मग इज काय क्रियापद नाही का? एक घाव दोन तुकडे सांगा, बायरला उत्तर अजून गेलेलं नाही.

तयारी_जळगाव
सोपं आहे भो. क्लासला आमचं हे पाठ झालंय. ऑलवेज, नेव्हर, ऑफन, रेअरली, युज्वली हे हेल्पिंग व्हर्ब आणि मेन व्हर्बच्या मधे. हेल्पिंग नसेल तर मेन व्हर्बच्या आधी. नुसता इज, आर, वॉज असेल तर त्याच्या नंतर. हेल्पिंग दोन असले तर दोघांच्या नंतर, मेन व्हर्बला चिकटून. एरर स्पॉटिंगला यावर हमखास प्रश्न असतो, एक मार्क फिक्स. तुझं वाक्य "इज ऑलवेज नॉट लेट" असं पाहिजे.

सातपुडा_नंदुरबार
ऑफन नाही, ऑफ्टन म्हणा. टी आहे ना स्पेलिंगमध्ये, तो काय शोभेला ठेवलाय?

केळीवाला_रावेर
@सातपुडा दादा, मेल लिहायचाय, बोलायचं नाही 😄

सातपुडा_नंदुरबार
अच्छा, मला वाटलं उच्चाराचा धागा आहे. असो, डिक्शनरीत दोन्ही उच्चार दिलेले असतात, बघून घ्या. चालू द्या.

बोरीकाठचा_मास्तर
अमळनेरहून लिहितो, ३१ वर्षं इंग्रजी शिकवून आता घरी बसलोय, त्यामुळे जरा लांबेल.

रावेरवाले भाऊ, तुमच्या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्हीला एकच गोळी देऊन चालणार नाही. एक, ऑलवेज कुठे बसवायचा. दुसरं, ऑलवेज आणि नॉट शेजारी आले की अर्थ काय होतो. बायर अडकला तो दुसऱ्यात. पण आधी पहिलं घेऊ.

"क्रियापदाच्या आधी" हे शाळेतलं वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. मी वर्गात एक युक्ती द्यायचो. वाक्याचा प्रश्न करून बघा, आणि कुठला शब्द उडी मारून कर्त्याच्या पुढे जातो ते पाहा. "ही इज लेट"चा प्रश्न "इज ही लेट?" इजने उडी मारली. जो शब्द उडी मारतो, त्याच्या लगेच नंतर ऑलवेज बसवायचा, "ही इज ऑलवेज लेट." आता "ही कम्स लेट" घ्या. "कम्स ही लेट?" असं कोणी म्हणत नाही, बाहेरून डज उसना आणावा लागतो, "डज ही कम लेट?" म्हणजे वाक्यातल्या कोणीच उडी मारली नाही, म्हणून ऑलवेज कम्सच्या आधीच राहतो.

याने इज क्रियापद आहे की नाही हा वादच उरत नाही. आहे, पण उडी मारणारं आहे. ४०० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत बाकीची क्रियापदंही असा मान घ्यायची, "आय नो नॉट" असं लोक सर्रास लिहायचे. पुढे साध्या क्रियापदांचा तो मान गेला, आणि इज, आर, हॅज, विल, कॅन या मंडळींनी राखला.

आपली चूक का होते तेही सांगतो. मराठीत क्रियापद शेवटी. "तो नेहमी उशिरा येतो", "तो नेहमी आजारी असतो", दोन्हीत नेहमी हा शब्द क्रियापदाच्या आधीच. अहिराणीतही तेच, "तो कायम उशीर करस." येणं आणि असणं यात आपण जागेचा फरक करतच नाही, म्हणून "ही ऑलवेज इज सिक" आपल्या कानाला खटकत नाही. इंग्रजाच्या कानाला खटकतं.

केळीवाला_रावेर
सर हे भारी आहे. मग हॅव? आमच्या मेलमध्ये तो फार येतो. "वी हॅव ऑलवेज स्टॉक" असं मी लिहितो, चुकतं का?

बोरीकाठचा_मास्तर
हॅव दोन तोंडांचा आहे, म्हणून तर उडीची युक्ती कामाची. "आमच्याकडे माल आहे" या अर्थाचा प्रश्न आज कसा करतात? "डू यू हॅव स्टॉक?" डू उसना आला, हॅव जागेवरच. म्हणून "वी ऑलवेज हॅव स्टॉक." पण "वी हॅव सप्लाइड" याचा प्रश्न "हॅव यू सप्लाइड?" इथे हॅवने उडी मारली, म्हणून "वी हॅव ऑलवेज सप्लाइड ऑन टाइम." तसंच "हॅव टू", म्हणजे करावं लागतं. "डू यू हॅव टू वेट?" असा प्रश्न, म्हणून "वी ऑलवेज हॅव टू वेट ॲट द पोर्ट." शब्द तोच, काम वेगळं, म्हणून जागा वेगळी.

तयारी_जळगाव
सर माझा नियम पण हेच सांगतो ना, हेल्पिंग आणि मेनच्या मधे.

बोरीकाठचा_मास्तर
हेल्पिंग एकच असेल तोवर तुमचा नियम चालतो. दोन झाले की तुम्ही म्हणालात दोघांच्या नंतर, तिथे गाडी घसरते. उडी एकच शब्द मारतो, पहिला. "द बॉक्सेस हॅव बीन वेड"चा प्रश्न "हॅव द बॉक्सेस बीन वेड?" म्हणून "द बॉक्सेस हॅव ऑलवेज बीन वेड." "हॅव बीन ऑलवेज वेड" म्हटलं तर कळेल, पण वाक्य लंगडतं.

मेन व्हर्बला चिकटून बसणारा शब्द वेगळ्या जातीचा, काम कसं झालं ते सांगणारा. केअरफुली, प्रॉपरली वगैरे. दोन्ही एका वाक्यात घालून बघा, "द बॉक्सेस हॅव ऑलवेज बीन केअरफुली वेड." ऑलवेज पहिल्या हेल्पिंगपाशी, केअरफुली वजन करण्यापाशी. आता अदलाबदल करून मोठ्याने म्हणा, "हॅव केअरफुली बीन ऑलवेज वेड." जिभेलाच कळतं.

तयारी_जळगाव
पण सर मी इंग्लिश सिरीजमध्ये "आय वुड हॅव नेव्हर गॉन" असं ऐकलंय, कानाने. ते काय चुकीचं बोलतात?

बोरीकाठचा_मास्तर
नाही, बोलतात तसं, नेव्हरच्या बाबतीत तर बरंच. मी ते चूक म्हणणार नाही. लिहिताना "वुड नेव्हर हॅव गॉन"ला कोणी बोट लावणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

तयारी_जळगाव
म्हणजे दोन्ही बरोबर. मग परीक्षेत दोन्ही ऑप्शन आले तर?

धुळ्याची_सुनीता
मधेच बोलते, माझा मुलगा सहावीत आहे आणि परवाच पेपर हातात आला. प्रश्न होता, आर यू ऑन टाइम फॉर स्कूल? पूर्ण नाही, छोटं उत्तर लिहायचं होतं. याने लिहिलं "यस, आय ऑलवेज ॲम." मॅडमनी लाल पेनने खोडून "आय ॲम ऑलवेज" केलं आणि अर्धा मार्क कापला. आता सरांचा नियम बघितला तर मॅडम बरोबर वाटतात, ॲमच्या नंतर ऑलवेज. पण पोरगं रडून सांगतंय की कार्टूनमध्ये ऑलवेज ॲम असंच म्हणतात. अर्ध्या मार्काचं काही नाही हो, पण त्याला काय सांगू?

पुण्यातला_खान्देशी
ताई, मॅडमनी नियम बरोबर लावलाय, पोराला सांगा कार्टून कमी बघ 😀

बोरीकाठचा_मास्तर
थांबा हो पुणेकर. ताई, पोरगं बरोबर आहे.

ॲमच्या नंतर वाक्य चालू राहणार असेल तर "आय ॲम ऑलवेज ऑन टाइम." पण छोट्या उत्तरात ॲमच्या पुढचं सगळं गळून पडलंय, आणि सगळा जोर ॲमवर आलाय. अशा वेळी ऑलवेज मागे सरकतो. "यस, आय ऑलवेज ॲम." "ही सेज ही विल हेल्प, बट ही नेव्हर डज." "हॅव यू बीन ऑनेस्ट? आय ऑलवेज हॅव." या सगळ्यात हेल्पिंग शेवटी आणि जोरात. "यस, आय ॲम ऑलवेज" म्हटलं की ऐकणारा वाट बघतो, ऑलवेज काय? गाडी फलाटावर येऊन दार उघडलंच नाही असं वाटतं.

आता तोच जोर पूर्ण वाक्यातही देता येतो. कोणी म्हणालं, रमेश आज उशिरा आला वाटतं, आणि तुम्ही वैतागून म्हणता, "ही ऑलवेज इज लेट!" इज दाबून. मघाशी मी "इंग्रजाच्या कानाला खटकतं" म्हणालो ते साध्या, सपाट वाक्याबद्दल. दाबून बोललं तर खटकत नाही. कागदावर जोर ऐकू येत नाही म्हणून लिहिताना हे टाळायचं, पण ते अशुद्ध नाही.

धुळ्याची_सुनीता
सर खूप बरं वाटलं. हे मॅडमना कसं सांगायचं तेवढंच बाकी. मागे एकदा बेरजेची चूक दाखवली होती तर वर्षभर पोराला मागच्या बाकावर बसवलं.

तयारी_जळगाव
सर, पण आमच्या सराव प्रश्नसंचात "शी ऑलवेज इज पंक्च्युअल" यात एरर आहे असं आन्सर की म्हणते. आता तुम्ही म्हणता जोर दिला तर चालतं. मी काय टिक करू?

बोरीकाठचा_मास्तर
एररच टिक करा. पेपर सेट करणारा सपाट वाक्यच धरतो.

तयारी_जळगाव
म्हणजे चूक नाही पण चूक टिक करायची. वा.

पुण्यातला_खान्देशी
मूळ भुसावळचा, आता पुण्यात आयटीत आहे. सरांच्या उडीच्या युक्तीला मी एक खोडा घालतो. लहानपणी आमच्या घराजवळच्या वर्कशॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात होतं, "बी ऑलवेज अलर्ट." तुमच्या हिशोबाने बी नंतर ऑलवेज म्हणजे बरोबर. पण माझी बाहेरची टीम कायम "ऑलवेज बी" असंच लिहिते, "ऑलवेज बी रेडी टू रोल बॅक" वगैरे. इथे बी आहे तरी ऑलवेज आधी. मग नियम मोडला का नाही?

बोरीकाठचा_मास्तर
वा, हा प्रश्न आवडला. मोडला नाही, उलट पक्का झाला. हुकूम देताना बीचा तोरा उतरतो. नकार करून बघा. साध्या वाक्यात "ही इज नॉट लेट", इजला डू लागत नाही. पण हुकुमात? "डोन्ट बी लेट." बीलाही डू उसना घ्यावा लागला, म्हणजे तो इथे कम, गोसारखाच साधा झाला. आणि साध्या क्रियापदाच्या आधी ऑलवेज येतो हे आपण बघितलंच. म्हणून "ऑलवेज बी अलर्ट", "नेव्हर बी लेट." भिंतीवरचं "बी ऑलवेज अलर्ट" जुन्या वळणाचं आहे, आज कानाला पोथीसारखं लागतं. आपल्याकडच्या भिंतींवर मात्र अजून तेच रंगवतात.

पुण्यातला_खान्देशी
मानलं सर. वरचं कार्टूनचं वाक्य मागे घेतो ताई.

केळीवाला_रावेर
मंडळी, माझा बायर राहिला 🙏 शेठ दर तासाला विचारतोय. जळगाववाल्या भाऊचं "इज ऑलवेज नॉट लेट" पाठवू का?

बोरीकाठचा_मास्तर
नका पाठवू! आता दुसरं दुखणं.

"नॉट ऑलवेज" म्हणजे "नेहमी असं नाही", अर्थात कधीकधी असं. नॉट आधी आला की तो ऑलवेजलाच मारतो. "इज नॉट ऑलवेज लेट" म्हणजे नेहमी उशीर होतो असं नाही, अधूनमधून होतो. बायरने नेमकं तेच वाचलं आणि किती वेळा ते विचारलं, त्याची काय चूक. मराठीत तुम्ही "नेहमी उशीर नसतो" म्हणालात तर बोलण्याच्या सुरावरून समोरचा समजून घेतो. इंग्रजीत सूर गेला, शब्दांची रांगच उरली.

बरं, ऑलवेज नॉटच्या आधी नेला, "ऑलवेज इज नॉट" किंवा "इज ऑलवेज नॉट", तर हिशोबाने "दर वेळी उशीर नसतो" असा अर्थ काढता येईल, पण असं कोणी लिहीत नाही, कारण त्या अर्थाला तयार शब्द आहे, नेव्हर. "अवर लोडिंग इज नेव्हर लेट." युज्वलीचं मात्र असं नाही. "इज नॉट युज्वली लेट" म्हणा की "युज्वली इज नॉट लेट" म्हणा, बायरला जवळपास एकच कळतं. ऑलवेजला ही सूट नाही.

आणि नेव्हर वापरताना आपल्या सवयीला लगाम घाला. मराठीत 'कधीच'च्या जोडीला 'नाही' येतोच, "कधीच उशीर होत नाही." ती सवय घेऊन पोरं "इज नेव्हर नॉट लेट" लिहितात, आणि त्याचा अर्थ होतो, उशिराशिवाय कधीच नाही! नेव्हरच्या पोटातच 'नाही' आहे, वरून दुसरा घालायचा नाही.

केळीवाला_रावेर
बाप रे, बरं झालं विचारलं. पण सर, नेव्हर लिहायला शेठ घाबरतो. मागच्या पावसाळ्यात दोनदा गाडी उशिरा निघाली होती, खोटं कसं लिहायचं. रेअरली चालेल का?

बोरीकाठचा_मास्तर
चालेल, आणि तेच खरं आहे. "अवर लोडिंग इज रेअरली लेट." इजने उडी मारली म्हणून रेअरली त्याच्यानंतर, जागा तीच. फक्त एक लक्षात ठेवा, आपलं क्वचित हे सरळ होकाराच्या घरात बसतं, "क्वचित उशीर होतो." इंग्रजीतला रेअरली नाहीच्या घरात राहतो. "इट इज रेअरली लेट, इज इट?" असा शेपटीचा प्रश्न येतो, "इझंट इट" नाही, म्हणजे इंग्रज त्या वाक्याला नकारच समजतो. म्हणून त्यात आणखी नॉट घालू नका.

पुण्यातला_खान्देशी
रेअरली वाक्याच्या सुरुवातीला टाकलं तर वजनदार वाटतं ना? "रेअरली वी आर लेट."

बोरीकाठचा_मास्तर
सुरुवातीला टाकलं की उडी सक्तीची होते, तुम्ही प्रश्न विचारत नसलात तरी. "रेअरली आर वी लेट." "रेअरली डू वी लोड आफ्टर सिक्स." नाहीच्या घरातले शब्द, रेअरली, सेल्डम, नेव्हर, पुढे गेले की असं होतं. समटाइम्स, युज्वली पुढे गेले तर काही होत नाही, "समटाइम्स वी आर लेट" सरळ चालतं. पण केळीच्या मेलमध्ये "रेअरली आर वी लेट" म्हणजे लग्नाची पत्रिका वाचल्यासारखं वाटेल. साधंच ठेवा.

केळीवाला_रावेर
पाठवलं. शेवटी असं लिहिलं, जसंच्या तसं देतो, "वी हॅव ऑलवेज लोडेड ऑन द प्रॉमिस्ड डे, एक्सेप्ट टू टाइम्स इन लास्ट मान्सून. अवर लोडिंग इज रेअरली लेट. द १३ केजी बॉक्सेस आर ऑलवेज वेड बिफोर लोडिंग." काही राहिलं का?

बोरीकाठचा_मास्तर
जागा सगळ्या बरोबर. "टू टाइम्स"ऐवजी "ट्वाइस", आणि "लास्ट मान्सून"च्या आधीचा इन काढायचा होता. पण गेला ना मेल, जाऊ द्या.

तयारी_जळगाव
आणि ऑलवेज लिहून पुढे एक्सेप्ट? दोनदा चुकलं तर ऑलवेज कसं? हे तर अर्थातच एरर आहे.

बोरीकाठचा_मास्तर
त्याला व्याकरणाची हरकत नाही, पण तुमचं म्हणणं बरोबर आहे, मीही "ऑलमोस्ट ऑलवेज" लिहिलं असतं. हा पॉइंट तुमचा.

सातपुडा_नंदुरबार
मना एक प्रश्न शे. ते ऑलमोस्टमधला एल म्हणायचा की नाही?

केळीवाला_रावेर
उत्तर आलं मंडळी. "ओके. सेंड फोटोज ऑफ द टू लेट वन्स." आता कोणते फोटो पाठवू, गाडी उशिरा निघाली त्याचा फोटो कोण काढतो?

धुळ्याची_सुनीता
आज मॅडमना भेटून आले. म्हणाल्या पुस्तकात बघून सांगते. पोरगं मात्र आज पहिल्या बाकावर होतं.

तयारी_जळगाव
ते "वुड हॅव नेव्हर"चं राहिलंच सर. क्लासच्या सरांना विचारलं, ते म्हणाले चूकच आहे. आता तुम्ही एक म्हणता, ते एक म्हणतात, सिरीजवाले तिसरंच बोलतात.